सरासरी बिल का घसरलं?

आमचं काम वितरणाचं. साबण, चहा, बिस्किटं आणि मसाले कंपन्यांकडून घ्यायचे आणि पुण्याच्या पूर्व भागातल्या किराणा दुकानांत पोचवायचे. ऑफिसमध्ये रिपोर्ट बनवायला माणूस लागतो. त्याला आम्ही एमआयएस एक्झिक्युटिव्ह म्हणतो, आणि त्याची एक्सेलची चाचणी गेली काही वर्षं मीच काढते आणि मीच तपासते.

चाचणी पाऊण तासाची असते. एक फाइल, दोन शीट. पहिलीचं नाव `Vikri`. तिच्यात एप्रिल आणि मे महिन्यांच्या बिलांच्या ४,९८० ओळी आहेत, आणि कॉलम आहेत बिल नंबर, तारीख, दुकानाचा कोड, माल, नग आणि रक्कम. दुसरी शीट `Dukan`, म्हणजे दुकानांचं मास्टर. K001 ते K180 असे कोड, दुकानाचं नाव, कोणत्या बीटवर येतं ते, आणि शेवटी प्रकार: मोठं की लहान. आकडे मी बनवलेले आहेत, पण घोळ सगळे रोजच्या फायलींतून उचललेले आहेत. प्रश्न एकच असतो: ‘मे महिन्यात सरासरी बिल एप्रिलपेक्षा कमी झालं आहे. का ते शोधा आणि मालकांना कळेल अशा पाच ओळी लिहा.’

लुकअप आणि पिव्हट या प्रश्नातच आले. ते वेगळे विचारायचे मी सोडून दिले, कारण नुसता VLOOKUP लिहून दाखवा म्हटलं की बहुतेक जण दाखवतात. खरं कळतं ते त्याचा निकाल हातात आल्यावर माणूस काय करतो त्यावरून. तपासताना जे लक्षात येत गेलं ते खाली लिहिलं आहे.

१. पहिला फॉर्म्युला लिहिण्याआधी दोन आकडे टिपून ठेवा

फाइल उघडल्या उघडल्या काही जण थेट G2 मध्ये जाऊन बरोबरचं चिन्ह टाइप करतात. जे आधी रकमेचा कॉलम निवडून खाली उजवीकडच्या पट्टीतली बेरीज बघतात, त्यांच्याकडे माझं लक्ष जातं. बेरीज येते ७३,२०,००० आणि ओळी ४,९८०. हे दोन आकडे कागदावर उतरवले की पुढचा पाऊण तास निर्धास्त जातो. पिव्हट बनवल्यावर त्याची एकूण बेरीज ७३,२०,००० आली नाही तर मधे कुठेतरी ओळी गळल्या आहेत, एवढं लगेच कळतं. कुठे गळल्या ते शोधायला वेळ लागेल, पण गळल्या आहेत हे न कळताच रिपोर्ट पाठवला तर तो परत येतो, आणि तोही मालकांच्या फोनसकट.

जाता जाता तारखांबद्दल. या चाचणीत मी तारखांचा घोळ मुद्दाम ठेवलेला नाही. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०४ म्हणजे आपली पाच एप्रिल ही चार मे होऊन बसते, आणि तेरा तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात. एप्रिल आणि मे यांची तुलना असलेल्या फायलीत हे झालं तर उमेदवाराला बाकी काही करायला वेळच उरणार नाही. कामावर रुजू झाल्यावर मात्र हा घोळ पहिल्याच आठवड्यात भेटतो.

२. VLOOKUP चा चौथा भाग सोडला तर चूक दिसतच नाही

विक्रीच्या ओळीत दुकान मोठं की लहान हे लिहिलेलं नाही. ते मास्टरमधून आणायचं. त्यासाठी हा साधा फॉर्म्युला:

```
=VLOOKUP(C2,Dukan!$A$2:$D$181,4,FALSE)
```

शेवटचं FALSE न लिहिताही फॉर्म्युला चालतो. मग एक्सेल त्याला TRUE धरतं, म्हणजे तंतोतंत कोड मिळाला नाही तर त्याच्या आधीचा जवळचा कोड घेतं. माझं मास्टर कोडच्या चढत्या क्रमाने लावलेलं आहे, त्यामुळे बहुतेक ओळींत उत्तर बरोबरच येतं. एकही #N/A दिसत नाही. कॉलम स्वच्छ दिसतो आणि उमेदवार खूश होऊन पुढे जातो.

आता यातली गंमत. मे महिन्यातल्या काही बिलांवर K181 ते K238 असे कोड आहेत, आणि मास्टर K180 वर संपतं. चौथा भाग सोडला की या सगळ्या ओळींना K180 चा प्रकार चिकटतो. K180 हे मोठं दुकान आहे. म्हणजे मास्टरमध्ये नसलेल्या ५८ दुकानांची १५० बिलं, एकूण साडेचार लाखांची, मोठ्या दुकानांच्या खात्यात जाऊन बसतात. मग मे महिन्यात मोठ्या दुकानांची २०० ऐवजी ३५० बिलं आणि २४,६०,००० ऐवजी २९,१०,००० रुपये दिसतात, आणि त्यांचं सरासरी बिल १२,००० वरून ८,३१४ वर कोसळलेलं दिसतं.

असा पेपर माझ्याकडे येतो तेव्हा खाली लिहिलेलं असतं की मोठे ग्राहक आपल्यापासून दूर जात आहेत, त्यांच्याकडे तातडीने लक्ष द्यावं. खरं तर मोठ्या दुकानांचं बिल वाढलेलं आहे. फॉर्म्युल्यात एक शब्द गळला आणि निष्कर्ष नेमका उलटा निघाला. हे वाचून मालकांनी दोन सेल्समनना झापलं असतं.

ओळखायची खूण सोपी आहे. विक्रीच्या शीटमधला सगळ्यात मोठा कोड आणि मास्टरमधला सगळ्यात मोठा कोड शेजारी ठेवून बघा. K238 ला उत्तर मिळालं असेल तर ते कुठून आलं, हा प्रश्न पडायलाच हवा.

३. #N/A पुसायच्या आधी मोजा

FALSE लिहिलं की ८९० ओळींत #N/A येतं. इथून उमेदवारांच्या वाटा वेगळ्या होतात आणि माझे निम्म्याहून जास्त गुण इथेच पडतात.

सर्वात वापरातली वाट IFERROR ची. फॉर्म्युल्याभोवती ते गुंडाळून चूक आली तर रिकामी जागा किंवा शून्य दाखवायचं. क्लासमध्ये हे ‘रिपोर्ट नीटनेटका दिसावा म्हणून’ शिकवतात. शेवटच्या टप्प्यात, सगळं समजल्यावर, ते करायला माझी हरकत नाही. पण सुरुवातीलाच केलं तर ८९० ओळी पिव्हटमध्ये एका बिननावाच्या ओळीखाली गोळा होतात, आणि ती ओळ वाईट दिसते म्हणून उमेदवार फिल्टरमध्ये तिची खूण काढून टाकतो. दुसरी वाट त्याहून सरळ: #N/A वर फिल्टर लावायचा आणि ओळी डिलीट करायच्या. दोन्ही वाटांनी पैसे हरवतात.

तिसरी वाट म्हणजे #N/A ला विचारणं, की बाबा, तू का आलास? लुकअपला उत्तर न मिळण्याची कारणं दोन जातींची असतात. एक, कोड मास्टरमध्ये आहे पण दोन्हीकडे तो सारखा लिहिलेला नाही. दोन, कोड मास्टरमध्ये नाहीच.

पहिली जात डोळ्यांना दिसत नाही. शीटमध्ये K045 दिसतं, मास्टरमध्येही K045 दिसतं, तरी जुळत नाही. अशा वेळी कोडची लांबी मोजायची. `=LEN(C2)` चं उत्तर चार यायला हवं. पाच आलं तर मागे एक रिकामी जागा लपलेली आहे. साधी जागा असेल तर TRIM ती काढतं. पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून किंवा ब्राउझरमधून कॉपी होऊन आलेल्या मजकुरात दुसऱ्या प्रकारची जागा असू शकते, जिचा क्रमांक १६० आहे. तिला TRIM हात लावत नाही. माझ्या फायलीत दोन्ही प्रकार पेरलेले आहेत. म्हणून TRIM लावून बघितलं, थोडं सुधारलं आणि बाकीचं जमत नाही म्हणून सोडलं, असे पेपरही बरेच येतात. दोन्हींवर चालणारा उपाय असा:

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,CHAR(160)," "))
```

हा एका वेगळ्या कॉलममध्ये लिहायचा आणि लुकअप त्या कॉलमवरून करायचा. मूळ कॉलम तसाच ठेवायचा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर काय बदललं ते दाखवता येतं. कोडमध्ये फक्त आकडे असतील तर पहिल्या जातीचा आणखी एक नमुना भेटतो: एका शीटमध्ये ४५ हा आकडा असतो आणि दुसरीत ‘४५’ हा मजकूर. मजकूर डावीकडे सरकलेला दिसतो आणि ISNUMBER लावलं की FALSE येतं. माझ्या कोडची सुरुवात K ने होते, म्हणून तो प्रश्न इथे येत नाही.

सफाई झाल्यावर २८६ ओळींना उत्तर मिळतं आणि ६०४ उरतात. या दुसऱ्या जातीच्या. त्यांचे कोड कॉपी करून Remove Duplicates चालवलं की ५८ कोड राहतात, K181 ते K238. सगळ्या ओळी मे महिन्यातल्या, एप्रिलमधली एकही नाही. इथे थांबून दोन मिनिटं विचार करणाऱ्याला उत्तराचं अर्धं टोक सापडलेलं असतं. ही दुकानं मे महिन्यात नव्याने जोडली गेली आहेत आणि मास्टर कुणी अद्ययावत केलेलं नाही.

मग त्यांचा प्रकार काय लिहायचा? काही हुशार मुलं बिलांचा आकार बघून ‘लहान’ लिहून टाकतात. अंदाज चुकीचा नाही, पण अंदाज तो अंदाजच. मला आवडतं ते उत्तर वेगळं आहे: त्यांचा तिसरा गट करायचा आणि त्याला ‘मास्टरमध्ये नाही’ असं नाव द्यायचं. त्यासाठी IFERROR ऐवजी IFNA वापरलं तर बरं, कारण ते फक्त #N/A झाकतं. फॉर्म्युल्यात दुसरी काही चूक असेल, रेंज तुटलेली असेल, तर ती उघडी राहते.

४. VLOOKUP की XLOOKUP, यावर वाद घालू नका

उमेदवार हा प्रश्न हमखास विचारतात. XLOOKUP चांगलं आहे. न सांगता तंतोतंत जुळणी करतं, डावीकडचा कॉलमही आणतं आणि मधे कॉलम घातला तरी बिघडत नाही. पण ते एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत चालत नाही, आणि आमच्याकडे गोडाऊनच्या संगणकावर जुनंच एक्सेल आहे. फाइल जिथे उघडणार आहे तिथे चालेल ते वापरा. INDEX आणि MATCH येत असेल तर ते सगळीकडे चालतं. मी कशालाच जास्त गुण देत नाही.

५. पिव्हट ओळी मोजतं, बिलं मोजत नाही

प्रश्न सरासरी बिलाचा आहे. विक्रीच्या शीटमध्ये एका बिलाच्या चार-पाच ओळी असतात, प्रत्येक मालाची एक. उमेदवार पिव्हट बनवतो, रक्कम `Values` मध्ये टाकतो, `Sum` चं `Average` करतो आणि लिहितो: एप्रिल १,५३५, मे १,४२०. हे बिलाचे आकडे नाहीत, ओळीचे आहेत. एप्रिलमध्ये २,१५० ओळी आणि मेमध्ये २,८३० ओळी, त्यांनी रक्कम भागली गेली.

हे ओळखायला एक्सेल यायची गरज नाही, धंद्याची थोडी जाण हवी. किराणा दुकानाला घाऊक माल पाठवतो आणि सरासरी बिल दीड हजाराचं? टेम्पोचं डिझेल तरी निघेल का? आलेल्या आकड्याकडे बघून ‘हा एवढा कसा?’ असं ज्याला वाटतं त्याला मी थोडी चूकही माफ करते.

बिलं मोजायचे दोन रस्ते आहेत. पहिला, पिव्हट घालतानाच्या खिडकीत तळाशी `Add this data to the Data Model` असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारायची. मग बिल नंबर `Values` मध्ये टाकून त्याचा हिशेब `Distinct Count` करता येतो. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे. ती टिचकी मारली नसेल तर यादीत `Distinct Count` दिसत नाही, आणि मुलं ते शोधत बसतात. दुसरा रस्ता जुना. विक्रीच्या शीटमध्ये एक मदतीचा कॉलम घालायचा:

```
=IF(COUNTIF($A$2:A2,A2)=1,1,0)
```

बिल नंबर पहिल्यांदा आला त्या ओळीत एक, पुढच्या ओळींत शून्य. पिव्हटमध्ये या कॉलमची बेरीज म्हणजे बिलांची संख्या. पाच हजार ओळींवर हे ठीक चालतं, लाखभर ओळींवर संगणक बराच वेळ अडकून पडतो. या रस्त्याचा एक फायदा आहे. साध्या पिव्हटमध्ये `Calculated Field` घालून रक्कम भागिले मदतीचा कॉलम असं लिहिलं की सरासरी बिल प्रत्येक गटासाठी आणि एकूणासाठीही बरोबर येतं, कारण `Calculated Field` आधी दोन्हींची बेरीज करतं आणि मग भागतं. डेटा मॉडेलच्या पिव्हटमध्ये हे `Calculated Field` मिळत नाही. हीच सवय दर गुणिले नग करताना मात्र घात करते. तिथे सगळ्या दरांची बेरीज आणि सगळ्या नगांची बेरीज यांचा गुणाकार होतो आणि अचाट रक्कम येते.

हा मदतीचा कॉलम वर्षभराच्या फायलीवर वापरायचा असेल तर आधी एक बघा. बिलांचे नंबर एक एप्रिलला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात का? होत असतील तर मार्चचं आणि मेचं एकाच नंबरचं बिल एकच मोजलं जाईल.

आता बरोबर आकडे. एप्रिलमध्ये ५०० बिलं, ३३,००,००० रुपये, सरासरी ६,६००. मेमध्ये ७०० बिलं, ४०,२०,००० रुपये, सरासरी ५,७४३. घट ८५७ रुपयांची. दोन्ही महिन्यांची बेरीज ७३,२०,००० येते, म्हणजे काही गळालं नाही.

६. सगळे गट वाढतात आणि सरासरी घसरते, हे आधी स्वतःला पटवा

प्रकार `Rows` मध्ये आणि महिना `Columns` मध्ये टाकला की समोर येतं ते असं. मोठ्या दुकानांची एप्रिलमध्ये २०० बिलं, सरासरी १२,०००. मेमध्येही २०० बिलं, सरासरी १२,३००. लहान दुकानांची एप्रिलमध्ये ३०० बिलं, सरासरी ३,०००; मेमध्ये ३५० बिलं, सरासरी ३,१७१. आणि मास्टरमध्ये नसलेल्यांची एप्रिलमध्ये शून्य, मेमध्ये १५० बिलं, सरासरी ३,०००.

मोठ्यांचं बिल वाढलं. लहानांचं वाढलं. एकूण सरासरी मात्र घसरली. इथे बरेच जण गोंधळतात आणि आपला पिव्हटच चुकला असं धरून सगळं पुसून पुन्हा बनवायला घेतात. एक मुलगा तर तीन हजार आणि बारा हजार यांची बेरीज करून दोनाने भागत होता, आणि साडेसात हजार येतायत म्हणून हैराण झाला होता. दोन गटांच्या सरासऱ्यांची सरासरी काढली तर दोन्हीकडे बिलं सारखीच आहेत असं धरल्यासारखं होतं. बिलं सारखी नाहीत, म्हणूनच तर हा प्रश्न आहे.

पिव्हट बरोबर आहे. एप्रिलमध्ये शंभरातली चाळीस बिलं मोठ्या दुकानांची होती. मेमध्ये शंभरातली एकोणतीस सुद्धा नाहीत. मोठी बिलं कमी झालेली नाहीत, दोनशेच आहेत. त्यांच्याभोवती तीन हजारांची बिलं वाढली, आणि ती वाढली की एकूण सरासरी खाली ओढली जातेच.

किती घट कशामुळे हेही साध्या भागाकाराने सांगता येतं. नवी दुकानं बाजूला ठेवून फक्त जुन्या दुकानांचा मे बघा: ५५० बिलं, ३५,७०,००० रुपये, सरासरी ६,४९१. म्हणजे ६,६०० वरून ६,४९१ ही १०९ रुपयांची घट जुन्या लहान दुकानांची बिलं पन्नासने वाढली म्हणून झाली. तीही मोठ्यांचं आणि लहानांचं बिल वाढलेलं असताना. आणि ६,४९१ वरून ५,७४३ ही उरलेली ७४८ रुपयांची घट नव्या ५८ दुकानांमुळे. १०९ आणि ७४८ मिळून ८५७.

आता तिसऱ्या मुद्द्यातल्या डिलीट करणाऱ्याकडे परत या. त्याने सफाई करून उरलेल्या ६०४ ओळी उडवल्या असतील तर त्याच्या पिव्हटमध्ये मेची सरासरी ६,४९१ दिसते आणि विक्री ८.२ टक्क्यांनी वाढलेली. तो लिहितो की सरासरी बिलात फारसा फरक नाही. मालकांना स्वतःच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर ५,७४३ दिसतंय, आणि प्रत्यक्षात विक्री २१.८ टक्क्यांनी वाढली आहे. ज्याचं स्पष्टीकरण मागितलं होतं तेच त्याने कचऱ्यात टाकलं.

७. पाच ओळींत एक्सेलचं नाव नको

बहुतेक पेपरांतल्या पाच ओळी अशा सुरू होतात: ‘मी VLOOKUP लावून पिव्हट टेबल तयार केले.’ मालकांना त्याच्याशी काय करायचंय? दुसरा नमुना म्हणजे पिव्हटच शब्दांत वाचून दाखवणं: मोठ्यांचे इतके, लहानांचे इतके, एकूण इतके. ते त्यांना तक्त्यात दिसतंच आहे.

मला सगळ्यात आवडलेल्या पेपरमधल्या ओळी साधारण अशा होत्या. ‘सरासरी बिल ८५७ रुपयांनी घसरलं, पण एकूण विक्री ७,२०,००० रुपयांनी वाढली आहे. जुन्या मोठ्या आणि लहान, दोन्ही दुकानांचं सरासरी बिल वाढलं आहे. घसरणीचं मुख्य कारण म्हणजे मेमध्ये ५८ नवी दुकानं जोडली गेली, त्यांची १५० बिलं सरासरी तीन हजारांची आहेत. त्यांची नोंद मास्टरमध्ये नाही, म्हणून ती मोठी की लहान हे नक्की सांगता येत नाही. ही दुकानं टिकली तर सरासरी अशीच कमी राहील आणि विक्री जास्त राहील.’

यातली चौथी ओळ मला फार महत्त्वाची वाटते. फाइल जे सांगत नाही ते लिहिणाऱ्या मुलीने स्पष्ट सांगितलं. याउलट ‘सेल्समननी लहान दुकानांवर भर दिल्यामुळे’ असं लिहिणारे खूप असतात. फायलीत सेल्समनचं नावच नाही. सेल्समनने भर दिला, की कंपनीने योजना काढली, की शेजारचा वितरक बंद पडला, यातलं काहीही असू शकतं. ‘मेमध्ये झालं’ हे आकडे सांगतात, ‘कुणामुळे झालं’ हे सांगत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. आकडे लिहिताना ४०,२०,००० असे स्वल्पविराम द्या. एक्सेलने 4,020,000 दाखवलं म्हणून तसंच उतरवलं तर आमच्या मालकांना आधी लाख मोजावे लागतात आणि मग वाचावं लागतं. आणि रिपोर्टमध्ये ५,७४२.८६ लिहू नका, ५,७४३ पुरे.

८. पिव्हटवर दोनदा टिचकी मारून दाखवा, पण फाइल पाठवताना जपा

तोंडी मुलाखतीत मी पिव्हटमधल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवते, बहुधा १५० वर, आणि विचारते, ‘हे कुठून आले?’ जो त्या आकड्यावर दोनदा टिचकी मारतो त्याच्यासमोर त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटमध्ये उघडतात, आणि मदतीच्या कॉलममधले एक मोजून दाखवता येतात. ज्याला हे माहीत नसतं तो फिल्टर लावून तेच करतो. तेही चालतं.

पण हीच सोय धोक्याचीही आहे. पिव्हट ठेवून विक्रीची शीट डिलीट केली तरी फायलीत तो डेटा साधारणपणे साठवलेला राहतो, आणि टिचकी मारणाऱ्या कुणालाही तो मिळू शकतो. एका कंपनीच्या माणसाला दुसऱ्या कंपनीच्या मालाची विक्री अशी मिळू नये. म्हणून बाहेर पाठवायचा तक्ता कॉपी करून `Paste Values` ने नव्या फायलीत चिकटवायचा.

त्या पाच ओळी लिहिणारी मुलगी सासवडहून आली होती. तिला मी शेवटी विचारलं, ‘जूनचा रिपोर्ट तुमच्याकडे दिला तर आधी काय कराल?’

‘मॅडम, आधी ही ५८ दुकानं मास्टरमध्ये भरून घेईन. मग त्यातल्या किती दुकानांनी जूनमध्ये परत बिल केलं ते मोजेन. आणि वसुलीची शीट मागेन.’

‘वसुलीची कशाला?’

‘नव्या दुकानांना माल उधारीवर दिलाय का ते या फायलीत नाही ना. दिला असेल तर तो साडेचार लाखांचा आकडा मी तुम्हाला अजून विक्री म्हणूनच सांगेन, पैसे आले असं नाही सांगणार.’ मग ती थांबली, स्क्रीनवरच्या फॉर्म्युल्याकडे बघून म्हणाली, ‘आणि मॅडम, नुसती दुकानं भरून चालणार नाही. हा लुकअप १८१ व्या ओळीवर थांबतो. मास्टर आधी Ctrl+T ने टेबल करून घ्यावं लागेल आणि लुकअपही टेबलच्या नावाने लिहावा लागेल, नाहीतर जूनमध्ये पुन्हा #N/A येतील.’